प्रूफला ‘ठीक आहे’ म्हटल्यानंतर लग्नपत्रिकेची ऑर्डर रद्द करता येते का?

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी ४०० पत्रिकांची ऑर्डर दिली. एकूण १२,००० रुपये ठरले आणि ६,००० रुपये ॲडव्हान्स दिला. काल रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर प्रूफ आले, ते घाईत पाहून मी ‘ठीक आहे’ असे कळवले. आज सकाळी लक्षात आले, की मुहूर्त १२ वाजून २५ मिनिटांऐवजी १२ वाजून ५२ मिनिटे असा पडला आहे. मी लिहून दिलेल्या कागदावर तो बरोबर आहे. त्यातच कार्यालयही बदलावे लागत आहे. मुद्रक म्हणतात, काम सुरू झाले, आता रद्द होणार नाही आणि ॲडव्हान्सही परत मिळणार नाही. हे योग्य आहे का? मी काय करावे?

उत्तर : पुढचे वाचण्याआधी छापखान्यात फोन करा आणि ‘आतल्या पानाची छपाई थांबवा, कारण मागाहून सांगतो’ एवढेच सांगा. लगेच तेच वाक्य व्हॉट्सॲपवरही पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहील. पुढचा सगळा हिशेब हा निरोप किती वाजता पोहोचला यावर अवलंबून राहणार आहे.

मी लग्नपत्रिका छापण्याच्या धंद्यात बरीच वर्षे घालवली आहेत. त्यामुळे मुद्रकाची बाजू मला ठाऊक आहे, तशीच ग्राहकाची अडचणही. ‘काम सुरू झाले’ या शब्दांत चार-पाच निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्या प्रत्येकीची किंमत वेगळी असते. त्यामुळे रद्द होईल की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. काम कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी नेमके समजून घ्यावे लागते.

आपल्या पत्रिकेचा दर तीस रुपये पडतो, त्यावरून ती बहुधा तयार कार्डावर छापायची पत्रिका असावी. अशा पत्रिकेचे बाहेरचे कव्हर, त्यावरचा सोनेरी फॉइलचा गणपती, पाकीट आणि आतली कोरी पाने हे सगळे कारखान्यातून तयार येते. स्थानिक मुद्रक ऑर्डर मिळाल्यावर घाऊक दुकानदाराकडून तेवढा माल आणतो आणि त्यावर आपला मजकूर छापतो. मजकुराची छपाई बहुतेक ठिकाणी स्क्रीन प्रिंटिंगने होते. मंजूर मजकुराची पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची काळी प्रत, काढली जाते. चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा लेप, लावून ती अंधारात वाळवतात, पॉझिटिव्ह ठेवून तिला प्रकाश देतात आणि पाण्याने धुतात. अक्षरांच्या जागचे इमल्शन धुऊन गेले की तिथून शाई उतरते. ही जाळी पुन्हा पूर्ण वाळल्याशिवाय छपाई होत नाही, म्हणून या तयारीलाच दोन-तीन तास लागतात. पुढे एका रंगाची ४०० पाने हाताने छापायला सवयीच्या कारागिरालाही दोन-अडीच तास हवेत, आणि दोन रंग असतील तर पहिला रंग रॅकवर सुकल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही. रात्री नऊला मंजुरी आणि सकाळी साडेनऊला तक्रार, एवढ्या वेळात सगळी छपाई पूर्ण झालेली असणे फार क्वचित घडते. लग्नसराईत काही छापखाने रात्रपाळी चालवतात हे खरे आहे. म्हणून अंदाजावर वाद घालण्यापेक्षा तयार जाळीचा आणि छापलेल्या पानांचा फोटो मागवावा. हातात काम घेतलेल्या मुद्रकाला तो पाठवायला एक मिनिटही लागत नाही.

आता पैशांचा हिशेब पाहू. आपल्या १२,००० रुपयांची फोड मी माझ्या अनुभवावरून अशी मांडतो : कोरी कार्डे आणि पाकिटे ६,८०० रुपये, मजकूर टाइप करून मांडणी करण्याचे ६०० रुपये, आणि जाळ्या, शाई, छपाई, घड्या, चिकटवणे यांचे ४,६०० रुपये. गावानुसार आणि कार्डानुसार आकडे बदलतील, पण प्रमाण साधारण असेच असते. आपला ६,००० रुपयांचा ॲडव्हान्स जवळजवळ कोऱ्या कार्डांच्या किमतीएवढा आहे, हा योगायोग नाही. घाऊक दुकानदाराला रोख द्यावी लागते, म्हणून मुद्रक तेवढी रक्कम आधी घेतो.

यावरून टप्प्यांची किंमत लक्षात येते. कार्डे आणण्याआधी ऑर्डर रद्द झाली, तर मुद्रकाचे फक्त मांडणीचे काम वाया गेले. कार्डे आणली, पण गठ्ठे फोडले नाहीत, तर घाऊक दुकानदार ती बहुधा बदलून देतो, किंवा तोच नमुना पुढच्या गिऱ्हाइकाला चालतो. मग नुकसान जाण्यायेण्याचे आणि थोड्या घटीचे. जाळी तयार झाली, तर तिचे तीन-चारशे रुपये आणखी वाढले. आपल्या मुलीचे आणि जावयाचे नाव एकदा कव्हरवर उमटले, की मात्र ते कार्ड जगात दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचे उरत नाही. वैयक्तिक मागणीच्या वस्तूची खरी हद्द ती आहे. तिच्या पुढे मुद्रकाने पूर्ण पैसे मागितले तर मी त्याला दोष देणार नाही.

कायदाही याच दिशेने जातो. मन बदलले म्हणून माल परत करण्याची सर्वसाधारण मुदत भारतात साध्या वस्तूंनाही नाही, मग मुद्दाम बनवून घेतलेल्या वस्तूला ती कुठून असणार? युरोपात ऑनलाइन खरेदीवर चौदा दिवसांची मुदत मिळते, पण तिथेही ग्राहकाच्या सांगण्यावरून बनवलेल्या वस्तू तीतून वगळलेल्या आहेत. तेव्हा ‘ग्राहक म्हणून मला रद्द करण्याचा हक्कच आहे’ या मुद्द्यावर उभे राहू नये. मात्र ‘ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे पावतीवरचे वाक्यही शेवटचा शब्द नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात आधीच दंडाची रक्कम ठरलेली असली, तरी समोरच्याला त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते, ती सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. गठ्ठे फोडलेले नसताना पूर्ण ६,००० रुपये ठेवून घेणे वाजवी म्हणता येणार नाही. आपण मुद्रकाकडे कामाच्या टप्प्यानुसार लेखी हिशेब मागू शकता, आणि तो मागणे हा अविश्वास नाही.

पण मला वाटते, आपल्याला ऑर्डर रद्द करायची गरजच नाही. चूक मुहूर्ताची आहे आणि बदल कार्यालयाचा आहे, आणि या दोन्ही ओळी आतल्या पानावर असतात. कव्हरवर नावे आणि पाकिटावर निमंत्रकाचे नाव असते, ते बरोबर असेल तर कव्हर आणि पाकीट दोन्ही वाचतात. पुन्हा छापायचे ते फक्त आतले पान. सगळी पाने चुकीच्या मुहूर्तासह छापून झाली आहेत असे धरले, तरी नवीन कोरी पाने प्रत्येकी ४ रुपयांप्रमाणे १,६००, नवी जाळी ३५० आणि छपाई १,२००, म्हणजे ३,१५० रुपयांत काम निभावते. पानाची सोनेरी किनार छापून झाली आहे आणि मजकुराचा रंग अजून चढलेला नाही, असे असेल तर केवळ नव्या जाळीचे ३५० रुपये लागतील. १२,००० रुपये बुडाले असे वाटून रात्र जागून काढण्याआधी एवढे तपासून पाहावे.

हे ३,१५० कोणी द्यायचे, हा खरा नाजूक प्रश्न आहे. मुहूर्त आणि कार्यालय या दोन गोष्टी इथे वेगळ्या केल्याशिवाय त्याचे न्याय्य उत्तर मिळत नाही.

मुहूर्ताची चूक टाइप करताना झाली, हे आपल्या हस्तलिखितावरून सिद्ध होते. म्हणून तो कागद, किंवा त्याचा फोटो, जपून ठेवा. पण ती चूक प्रूफमध्ये दिसत होती आणि प्रूफ पाठवण्याचा हेतूच ती आपण पकडावी हा होता. आमच्या धंद्यातला रिवाज असा, की मंजूर प्रूफमधली चूक ग्राहकाची. हा रिवाज निराधार नाही, कारण कोणाचा मुहूर्त किती वाजता हे छापखान्यातल्या माणसाला कळण्याचे दुसरे साधन नसते. तरीही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत निष्काळजीपणा येतो, आणि लिहून दिलेला आकडा उलटा टाइप करणे हा निष्काळजीपणाच आहे. मंजुरीमुळे मुद्रकाची बाजू भक्कम होते, पण त्याची जबाबदारी शून्य होते असे मी मानत नाही. माझ्या छापखान्यात अशा वेळी कागदाचे पैसे ग्राहकाकडून घेत असू आणि छपाईची मजुरी आम्ही सोसत असू. दोन्ही बाजूंना हे पटायचे.

कार्यालयाचे मात्र वेगळे आहे. तो बदल सर्वस्वी आपला आहे, आणि त्यासाठी आतले पान पुन्हा छापायचेच असेल, तर मुहूर्ताची दुरुस्ती त्याच छपाईत विनाखर्च होऊन जाते. मग मुद्रकाच्या चुकीमुळे आपले वेगळे काही नुकसान झाले असे राहत नाही, आणि त्याच्याकडे अर्धा खर्च मागणे मला योग्य वाटत नाही. हे आपल्याला कदाचित रुचणार नाही, पण मुद्रक हाच मुद्दा मांडेल आणि तो बरोबर असेल. उलट, फक्त कार्यालय बदलले असते तर आपण ‘स्थळात बदल’ अशी छापील चिठ्ठी आत घालून भागवले असते. शंभर-दोनशे रुपयांचे ते काम आहे. मुहूर्ताला चिठ्ठी चालत नाही, पाहुणे अक्षता टाकायला अर्धा तास उशिरा येतील. पुनर्छपाई मुख्यतः मुहूर्तासाठीच होते आहे, असे या मार्गाने खरेच म्हणता येत असेल, तर मजुरीचा वाटा मागायला आपल्याला जागा आहे. बोलणी करताना यातले खरे काय ते आधी स्वतःशी ठरवा.

मंजुरीने कोणत्या गोष्टी मंजूर होत नाहीत, हेही आपल्याला माहीत असावे. छापून आलेली पत्रिका मंजूर प्रूफपेक्षा वेगळी निघाली, तर ती जबाबदारी पूर्णपणे मुद्रकाची असते. तिथे ‘तुम्ही ओके केले होते’ हे उत्तर चालत नाही. हे कसे घडते याचे एक उदाहरण माझ्याच छापखान्यातले आहे. एका घरच्या ६०० पत्रिका होत्या, आडनाव ‘कुऱ्हाडे’. ग्राहकाने मजकूर फोनवरून युनिकोडमध्ये पाठवला होता आणि आम्ही तो आमच्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये बदलून घेतला. प्रूफमध्ये आडनाव बरोबर होते, मुलीच्या वडिलांनी ते वाचून सही केली. पॉझिटिव्ह काढणाऱ्याच्या संगणकावर मात्र त्या फॉन्टची वेगळी आवृत्ती होती, आणि तिथे अर्ध्या र चे चिन्ह रफार होऊन ‘कुर्हाडे’ असे झाले. फाइल देताना अक्षरांचे रूपांतर कर्व्ह्जमध्ये केले असते, तर अक्षर हे अक्षर न राहता चित्र झाले असते आणि बिघडले नसते. आम्ही ते केले नव्हते. सहीचे प्रूफ आणि छापलेले पान शेजारी ठेवल्यावर वाद घालण्यासारखे काहीच उरले नाही. सहाशे पाने आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापली आणि पोहोचवायला स्वतः गेलो. त्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. घरातले पहिले लग्न, आणि पत्रिकेवर स्वतःचेच आडनाव अशुद्ध. म्हणून मंजूर केलेली फाइल पत्रिका हातात येईपर्यंत पुसू नका आणि पहिला गठ्ठा तिच्याशी ताडून घ्या.

रंग आणि कागद यांचीही मंजुरी फोनवर होत नाही. सोनेरी शाई फोनच्या पडद्यावर पिवळट तपकिरी दिसते, आणि मरून रंग क्रीम कागदावर काळपट होतो. दुकानात निवडलेले नमुना कार्ड मागून घ्या आणि त्याच्या मागे दोघांच्या सह्या व तारीख घाला. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून केलेल्या विक्रीत सगळा माल नमुन्याच्या प्रतीचा असावा लागतो आणि ताडून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळावी लागते. दोष असलेला माल परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असले तरी.

आता दुरुस्त प्रूफ येईल, तेव्हा ते कसे वाचावे हे सविस्तर सांगतो, कारण दुसऱ्यांदाही घाई झाली तर वर सांगितलेले काहीच उपयोगी पडणार नाही. प्रूफ फोटो म्हणून घेऊ नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि अनुस्वारासारख्या बारीक खुणा अंधूक होतात. ‘चि. सौ. कां.’ मधला ‘कां’ वरचा टिंब आहे की नाही, हे तशा फोटोत कळत नाही. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि शक्य असेल तर कागदावर छापून घ्या. मग एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून ऐकावे. एकट्याने वाचताना आपला मेंदू जे असायला हवे तेच वाचतो, आणि १२.५२ हे १२.२५ म्हणून डोळ्यांखालून निघून जाते. काल आपले नेमके तेच झाले. वाचणाऱ्याने मुहूर्त ‘बारा पंचवीस’ असा न म्हणता ‘एक, दोन, दोन, पाच’ असा अंक सुटे करून म्हणावा. आजी किंवा काकू वाचायला बसल्या तर आणखी चांगले, कारण निमंत्रकांच्या यादीतले सुटलेले नाव आणि चुकलेला मानाचा क्रम त्यांच्याच लक्षात येतो.

तारीख, वार, तिथी आणि शके या चार गोष्टी हस्तलिखिताशी जुळल्या एवढ्यावर थांबू नका, त्या कॅलेंडर आणि पंचांग उघडून एकमेकींशी जुळतात का पाहा. शके गुढीपाडव्याला बदलतो, जानेवारीत नाही. पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करायचे आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. फेब्रुवारी २०२६ मधल्या लग्नाला शके १९४७ येतो, पण १९४८ छापलेल्या पत्रिका मी पाहिल्या आहेत, आणि ती चूक बहुतेक वेळा लिहून देणाऱ्याचीच असते. कार्यालय आता बदलत असल्याने जुन्या कार्यालयाच्या खाणाखुणा, नकाशाचा क्यूआर कोड आणि भोजनाच्या ओळीतला उल्लेख कुठे शिल्लक राहिला आहे का, तेही तपासा. क्यूआर कोड फोनने प्रत्यक्ष उघडून पाहावा. एका जागी दुरुस्ती करताना दुसरी ओळ हलण्याची शक्यता असते, म्हणून दुरुस्त प्रूफ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचावे लागते, केवळ दुरुस्त ओळ पाहून चालत नाही.

मंजुरीचा निरोपही नेमका असावा. ‘ठीक आहे’ म्हणजे फाइल मिळाली असाही अर्थ होतो आणि छापा असाही. मी ग्राहकांकडून अशा शब्दांत लिहून घेत असे : ‘आज सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी आलेली तिसरी फाइल, आतले पान, पूर्ण वाचली. मुहूर्त १२ वाजून २५ मिनिटे. छपाईस मंजुरी आहे.’ एखादी दुरुस्ती बाकी असेल तर ‘दुरुस्तीसह मंजूर’ कधीही लिहू नका. ‘दुरुस्त प्रूफ मी मंजूर करेपर्यंत छपाई करू नये’ असे लिहा. दुरुस्तीसह मंजूर म्हटले, की मुद्रक आपल्या समजुतीने दुरुस्ती करून थेट जाळी काढतो.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीने घ्यावी लागते, आधीच टिक केलेला चौकोन संमती ठरत नाही. विक्रेता स्वतःहून ऑर्डर रद्द करताना जे शुल्क सोसत नाही, ते रद्द करणाऱ्या ग्राहकावर संकेतस्थळ लादू शकत नाही. आणि सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देता येत नाही, आपत्तीसारखे कारण असेल तर वेगळे. लग्न होऊन गेल्यावर आलेल्या पत्रिकेच्या बाबतीत ही तरतूद फार मोलाची आहे.

आपल्या बाबतीत मी आज असे करीन. फोटो आल्यावर हस्तलिखित घेऊन छापखान्यात समक्ष जाईन, ऑर्डर रद्द करायची नसून आतले पान बदलायचे आहे असे आधीच सांगेन, म्हणजे समोरचा माणूस मोकळा होऊन बोलेल. छापून झालेल्या पानांची संख्या समोर मोजून घेईन, नव्या पानांचा, जाळीचा आणि मजुरीचा आकडा वेगवेगळा लिहून घेईन, आणि नव्या कार्यालयाची पावती हातात पडेपर्यंत दुसऱ्या प्रूफला मंजुरी देणार नाही. कार्यालय पुन्हा बदलले, तर तिसऱ्यांदा छापण्याचा खर्च मात्र संपूर्ण आपलाच असेल. मुद्रकाने टप्प्यांचा हिशेब द्यायलाच नकार दिला, आणि एकही कार्ड छापलेले नसताना सगळा ॲडव्हान्स अडवून धरला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी हस्तलिखिताचा फोटो, प्रूफची फाइल आणि आज सकाळचा थांबवण्याचा निरोप हे तिन्ही जवळ ठेवा.